412 दिवसांची स्ट्रीक आणि वीस शब्दांचा निरोप

फेब्रुवारी 2025 मधला शनिवार होता. सदाशिव पेठेतल्या एका लहानशा जर्मन क्लासमध्ये मी ए-2 या खालून दुसऱ्या पातळीची सराव परीक्षा द्यायला बसले होते. लेखनाचा पहिला प्रश्न अगदी साधा होता. मैत्रिणीला भेटायला उशीर होणार आहे, तिला एसेमेस लिहा. उशीर का होतोय ते सांगा, नवी वेळ आणि जागा सुचवा. शब्द 20 ते 30.

मला सगळे शब्द ओळखीचे होते. बस, उशीर, भेटणं, सहा वाजता, स्टेशन. ‘कारण’साठी ‘वाइल’ वापरतात हेही माहीत होतं, शेकडो वेळा त्यावर बोट टेकवलं होतं. पण कागदावर पहिला शब्द कुठला लिहायचा तेच सुचेना. दहा मिनिटांत मी दोन वाक्यं लिहिली आणि त्यातलं एक खोडलं. माझ्या फोनमधल्या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर त्या सकाळी स्ट्रीकचा, म्हणजे सलग किती दिवस पाठ केला त्याचा, आकडा होता 412.

मी चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्सच्या हिशेबाचं काम करते. आमची मूळ कंपनी जर्मन आहे, त्यामुळे सुट्या भागांच्या याद्या आणि तक्रारींच्या मेल कधीकधी जर्मनमध्ये येतात. जानेवारी 2024 मध्ये मी फोनवर ॲप घेतलं ते त्यासाठी. कोथरूडहून कंपनीची बस सकाळी साडेसहाला निघते आणि चाकणला पोचायला दीड तास लागतो, नाशिक फाट्याला अडकली तर जास्तच. तो सगळा वेळ माझ्या हातात होता. सुरुवातीला जाताना दोन-तीन पाठ, येताना दोन-तीन पाठ. ॲप मोफत होतं, पाठ छोटे होते आणि ठिणगीच्या चित्राशेजारचा आकडा रोज एकाने वाढत होता.

त्या आकड्याला मी किती जपलं हे सांगायलाच हवं. 2024 च्या अनंत चतुर्दशीला आम्ही सगळे मिरवणूक बघायला गेलो होतो. अलका टॉकीजच्या चौकात रात्री पावणेबाराला मला आठवलं की आजचा पाठ राहिलाय. त्या गर्दीत नेटवर्क मिळत नव्हतं. मी मुलीचा हात सोडून एका दुकानाच्या पायरीवर चढले, फोन उंच धरून पाठ उघडला आणि ढोलांच्या आवाजात जोड्या जुळवल्या. बारा वाजायला चार मिनिटं असताना आकडा वाढला. लेक म्हणाली, “आई, तू ऐकलंस तरी का त्यातलं काही?” तेव्हा मला तो प्रश्न टोमणा वाटला. आता वाटतं, एवढा नेमका प्रश्न मला त्या वर्षभरात दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

सराव परीक्षेचा निकाल असा आला. ए-2 परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकाला 25 गुण, एकूण शंभर. उत्तीर्ण व्हायला 60 लागतात. वाचनात मी 20 पैकी 16 उत्तरं बरोबर दिली, म्हणजे 20 गुण. ऐकण्यात 20 पैकी 9, म्हणजे अकरा आणि थोडे. लेखनात 8. संभाषणात 7. बेरीज 46.

क्लासच्या बाईंनी पेपर परत देताना वाचनाच्या गुणांवर बोट ठेवलं. “हे चांगलंय. मेहनत दिसते. पण तुम्ही रोज जे करता ते सगळं इथेच येऊन पडलंय. बाकीचे तीन भाग तुम्ही करताच का?”

मी म्हटलं, “बाई, रोज करते. वर्ष झालं, एक दिवस चुकले नाही.”

“दिवस नका सांगू,” त्या म्हणाल्या, “काय करता ते सांगा.”

बसमध्ये मी काय करत होते ते मग मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यांदा नीट आठवलं. पाठात बोलायचा प्रश्न आला की खाली एक बटण असतं: ‘आत्ता बोलता येणार नाही’. ते दाबलं की पुढची पंधरा मिनिटं बोलायचे प्रश्न येतच नाहीत. ऐकायच्या प्रश्नांनाही तसंच बटण असतं. भरलेल्या बसमध्ये, शेजारी सहकारी झोपलेला असताना, मी ही दोन्ही बटणं रोज दाबत होते. नंतर तर सेटिंगमध्ये जाऊन ते प्रश्न कायमचे बंदच करून टाकले. त्यामुळे पाठ लवकर संपत, आणि पाठ संपल्यावर मिळणाऱ्या एक्सपीत, म्हणजे ॲपच्या गुणांत, एकानेही घट होत नव्हती. बोलून केलेला पाठ आणि मुक्याने केलेला पाठ, दोन्हींची किंमत सारखी. परीक्षेत ऐकण्याला अकरा आणि बोलण्याला सात का पडले, याचं बरंचसं उत्तर त्या दोन बटणांतच होतं.

माझा पेशा हिशेबाचा. आमच्याकडे 31 मार्चला प्रत्यक्ष साठा मोजतात. संगणकात बेअरिंगचे 1,340 नग दिसत असले तरी तो पुस्तकी साठा असतो. गोदामात जाऊन रॅकवर हात लावून मोजल्याशिवाय ऑडिटर त्यावर सही करत नाही. मला वाटलं, हेच करून बघावं. ॲपमध्ये ‘शिकलेले शब्द’ अशी यादी होती आणि योगायोगाने तिचा आकडाही त्या दिवशी 1,340 होता.

सगळे शब्द तपासणं शक्य नव्हतं. मी यादीतला दर तेरावा शब्द उचलला आणि पहिले शंभर घेतले. आपल्याला आवडणारे किंवा सोपे वाटणारे शब्द निवडले जाऊ नयेत म्हणून हा नियम. दर तेरावा म्हणजे दर तेरावा, मग तो ‘पाणी’ असो की ‘विमा’. लेकीने ते एका वहीत उतरवले. मग त्या शंभरांच्या तीन मोजण्या केल्या, तीन वेगळ्या दिवशी, म्हणजे एका मोजणीचा शब्द दुसरीत कानात घुमत राहू नये. क्रम मुद्दाम अवघडाकडून सोप्याकडे ठेवला. आधी वाचलं असतं तर लिहिताना तेच डोळ्यांसमोर आलं असतं.

पहिल्या दिवशी लेकीने मराठी शब्द सांगायचा आणि मी कोऱ्या कागदावर जर्मन लिहायचं. नाम असेल तर लिंगासकट. दुसऱ्या दिवशी तिने फोनच्या आवाजात जर्मन शब्द वाजवायचा, मला दिसू द्यायचा नाही, आणि मी अर्थ सांगायचा. तिसऱ्या दिवशी छापलेला जर्मन शब्द बघून अर्थ.

वाचून अर्थ आला 78 शब्दांचा. नुसता ऐकून आला 49 शब्दांचा. आणि मराठीवरून जर्मन शब्द स्वतः लिहिता आला फक्त 31 वेळा. या शंभरांत 52 नामं होती, त्यातली 14 मला लिहिता आली आणि त्या चौदांतही लिंग बरोबर आलं ते सहांचंच.

शंभराचा नमुना आहे, तेव्हा पाच-दहा इकडेतिकडे होणार. तरी अंदाज काढता येतो. 1,340 चे शेकडा 31 म्हणजे साधारण 415. पुस्तकात 1,340 आणि रॅकवर, मला हात घालून काढता येतील असे, चारशेच्या आसपास. आमच्या गोदामात एवढी तफावत निघाली असती तर चौकशी बसली असती.

तफावत आली कुठून हे शोधायला मी पाठातले प्रश्नच बारकाईने पाहिले. ‘गाडी आज उशिरा येते’ असं वाक्य बनवायचं असतं तेव्हा ॲप खाली शब्दांचे ठोकळे देतं: डेर, त्सुग, कोम्ट, हॉयटं, श्पेट, आणि फसवायला दोन-तीन जास्तीचे. मला एकही शब्द आठवावा लागत नाही, सगळे समोर मांडलेले असतात. मी फक्त रांग लावते. शिवाय जर्मनमध्ये नामाआधी लिंगाप्रमाणे ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘दास’ येतं, आणि ‘त्सुग’ म्हणजे गाडी तिथे पुल्लिंगी, म्हणून ‘डेर’, हे मला माहीत असण्याचीही गरज नाही, कारण ठोकळ्यांत ‘डेर’ एकटाच असतो, किंवा फार तर सोबत एक ‘दास’. जास्तीत जास्त नाणेफेक. कागदावर मात्र तीन लिंगांतलं एक स्वतः निवडावं लागतं, आणि त्याआधी ‘त्सुग’ हा शब्द कुठूनतरी काढावा लागतो.

तीन पर्यायांच्या प्रश्नाचाही हिशेब मी मांडून पाहिला. समजा शंभर प्रश्नांत माझी 80 उत्तरं बरोबर आली. मला 80 शब्द येतात असं वाटतं. पण जे येत नाहीत त्यांचंही तीनातलं एक उत्तर अंदाजाने बरोबर येणारच. मला खरोखर 70 येत असतील तर उरलेल्या तीसांपैकी दहा अंदाजाने लागतात आणि बेरीज 80 होते. म्हणजे ऐंशीच्या मागे सत्तरच असतात, आणि तेही ओळखण्यापुरते. जोड्या जुळवण्याच्या खेळात तर पाच जोड्यांपैकी चार लागल्या की पाचवी आपोआप लागते. शेवटची जोडी येत नसली तरी चूक होऊच शकत नाही.

आणि चूक झाली तरी बिघडत नाही. चुकलेला प्रश्न पाठाच्या शेवटी पुन्हा येतो, आत्ताच पाहिलेलं उत्तर देऊन तो सुटतो, पाठ पूर्ण होतो आणि एक्सपी जमा होतात. ते कधीच वजा होत नाहीत. मला हे सगळ्यात जास्त खटकलं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक वेळाने त्यातलं किती उरलं ते मोजायचं. सुरुवातीच्या काही तासांत विसरणं सगळ्यात झपाट्याने होतं आणि मग त्याचा वेग मंदावत जातो, हे त्याने दाखवलं. म्हणजे शिकणाऱ्याच्या साठ्यातून माल रोज गळत असतो. एक्सपीच्या वहीला फक्त जमेची बाजू आहे, नावेची बाजूच नाही. अशा वहीतली शिल्लक कधी कमी होणार?

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी घरात बोलणाऱ्यांना जाणवणार नाही. मी जर्मन शिकते ती इंग्रजीतून, कारण या ॲपवर मराठीतून जर्मनचा अभ्यासक्रम नाही. जर्मन वाक्याचं इंग्रजी भाषांतर लिहिताना माझा अर्थ बरोबर असूनही इंग्रजीतलं एखादं ‘द’ राहिलं म्हणून उत्तर चुकीचं ठरलेलं आहे. मग ती चूक कुठल्या भाषेची धरायची? आपल्याला तीन लिंगांची जन्मापासून सवय आहे. इंग्रजीतून जाताना ती सवय बाजूला पडते आणि पुन्हा जर्मनमध्ये तीन लिंगं अंगावर येतात. बाईंनी मला पहिल्याच तासाला सांगितलं होतं की प्रत्येक नाम थेट मराठीशेजारी लिहा. त्यात वेगळी अडचण आहे, ती पुढे सांगते.

आता लीगबद्दल. आठवड्याला तीस अनोळखी माणसांचा गट बनतो आणि त्या आठवड्यात जमवलेल्या एक्सपीवर क्रम लागतो. वरचे काही वरच्या लीगमध्ये जातात, तळाचे काही खाली येतात. मी सगळ्यात वरच्या लीगमध्ये होते आणि त्याचा मला अभिमान होता. मार्चमध्ये एक आठवडा मी नेहमी खेळायचे तशीच खेळले, फक्त एका वहीत प्रत्येक पाठाची वेळ, प्रकार आणि एक्सपी लिहीत गेले. असं लिहिताना वागणं थोडं बदलतंच, पण क्रमांक नेहमीसारखाच आला, सहावा. तेव्हा फारसं बदललं नसावं.

त्या आठवड्यात मी साडेसात तास, म्हणजे 450 मिनिटं दिली आणि 4,200 एक्सपी मिळवले. त्यातले 2,600 आले घड्याळ लावून जोड्या जुळवण्याच्या खेळातून, तेही दुप्पट गुणांची पंधरा मिनिटं चालू असताना. त्याला लागली 130 मिनिटं. जुने, आधी केलेले पाठ मी 148 वेळा पुन्हा केले, दर पाठाला सुमारे दोन मिनिटं आणि दहा एक्सपी, म्हणजे 280 मिनिटांत 1,480. आणि नवे पाठ? फक्त आठ. चाळीस मिनिटं, 120 एक्सपी.

खेळात मिनिटाला वीस एक्सपी मिळत होते आणि नव्या पाठात तीन. ज्यात मी पहिल्यांदा काही शिकत होते, अडत होते, थांबून विचार करत होते, त्याचा दर सगळ्यात कमी होता; आणि जे मला झोपेतही जमलं असतं त्याचा जवळजवळ सातपट. सहाव्या क्रमांकावर राहायचं तर नवा पाठ उघडणं परवडत नव्हतं. हे मी कधी ठरवून केलं नव्हतं. दर आठवड्याला रविवारी रात्री खाली घसरायची भीती वाटायची आणि बोट आपोआप सोप्या पाठाकडे जायचं. मोजमापालाच ध्येय केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, अशा अर्थाचं अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व आहे. मुळात ते 1975 मध्ये ब्रिटनच्या पतधोरणाबद्दल मांडलं गेलं. मला ते कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, माल पाठवण्याच्या आकड्यांच्या संदर्भात. ते माझ्याच फोनमध्ये दर रविवारी घडत असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

गटातली बाकीची एकोणतीस माणसं काय शिकत होती, हेही मी त्यांच्या पानावर जाऊन पाहिलं. कुणी स्पॅनिश, कुणी जपानी, कुणी फ्रेंच. पहिल्या क्रमांकावरची व्यक्ती इंग्रजी शिकत होती. पोर्तुगीज बोलणाऱ्याला स्पॅनिश जितकं जवळचं तितकं मला जर्मन नाही, आणि जपानीची लिपी बसवणाऱ्याचे पहिले महिने तर मुळाक्षरांतच जातात. आमच्या सगळ्यांच्या एक्सपीची एकाच रांगेत तुलना होत होती. त्या क्रमांकातून एवढंच कळत होतं की या आठवड्यात कुणी ॲपवर किती वेळ घालवला आणि तो वेळ किती चलाखीने दुप्पट गुणांच्या पंधरा मिनिटांत बसवला.

स्ट्रीकचीही तपासणी केली. ॲपच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवस उघडून बघता येत होता. 412 दिवसांपैकी 163 दिवशी मी फक्त एकच पाठ केला होता, आणि त्यातले बरेच रात्री अकरानंतरचे. सात दिवस गोठवलेले होते. गोठवण म्हणजे आधी घेऊन ठेवलेली सूट. त्या दिवशी आकडा वाढत नाही पण तुटतही नाही. तरीही स्ट्रीकवर मी सरसकट अन्याय करणार नाही. 412 दिवस मी जर्मन अक्षरं डोळ्यांखालून घातली, म्हणूनच वाचून 78 शब्द ओळखता आले आणि वाचनात 20 गुण पडले. एकाच दिवशी सहा तास बसण्यापेक्षा रोज थोडं बसलेलं जास्त टिकतं, हे खरं आहे आणि स्ट्रीक तेवढं नक्की घडवून आणते. ती मोजते हजेरी. मस्टरवर सही झाली एवढं तिला कळतं, मशीनवर कुणी काय काम केलं ते तिच्या रकान्यात नाही.

मार्चच्या शेवटी मी आठवड्याची तीच 450 मिनिटं वेगळी वाटून घेतली. ॲपवर 150 मिनिटं, फक्त नवे पाठ, आणि तेही रात्री घरी, बोलायचे-ऐकायचे प्रश्न पुन्हा चालू करून. असा पाठ सहा मिनिटं घ्यायला लागला. पंचवीस पाठांचे 375 एक्सपी झाले आणि त्या रविवारी मी लीगमधून खाली आले. दुसऱ्या आठवड्यात अजून खाली. मग मी प्रोफाइल खासगी केली. आमच्या ॲपमध्ये तसं केलं की लीडरबोर्डमधून नाव निघतं.

उरलेली तीनशे मिनिटं बसमध्ये कानाला आणि घरी वहीला दिली. बसमध्ये बोलता येत नाही, पण ऐकता येतं, हे मला वर्षभर सुचलं नव्हतं. दॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे ए-2 पातळीचे पाठ मोफत आहेत. इयरफोन लावून एकच संवाद मी सलग तीनदा ऐकायचे. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा कळलेले शब्द बोटांवर मोजत, तिसऱ्यांदा मजकूर उघडून. वहीत डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजवी बाजू घडी घालून झाकलेली. ठोकळे नाहीत. रोज पाच वाक्यं आठवून लिहायची, मग घडी उघडून तपासायची. जे चुकलं ते दुसऱ्या दिवशी, जे बरोबर आलं ते तीन दिवसांनी, पुन्हा बरोबर आलं तर आठवड्याने. वाढत्या अंतराने उजळणी करायची ही पद्धत जुनी आहे. सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात कार्डांच्या खोक्यांनी ती लोकप्रिय केली, मी फक्त तारखा लिहीत होते.

पहिला पंधरवडा वाईट गेला. पाच वाक्यांना चाळीस मिनिटं लागायची आणि त्यातली चार चुकायची. ॲपवर तेवढ्या वेळात माझे आठशे एक्सपी झाले असते. त्या दिवसांत फोनकडे हात जायचा, कारण तिथे मी हुशार होते. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अडताय तिथेच तुम्ही शब्द ओढून काढताय. ॲप तो हातात देत होतं.”

‘वाइल’चं वाक्य मात्र चौथ्या दिवशीच कळलं. इश कोमे श्पेटर, वाइल डेर बुस फेरश्पेटुंग हाट. ‘मी उशिरा येते, कारण बसला उशीर आहे’. ‘वाइल’नंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, ‘हाट’ अगदी टोकाला. इंग्रजीतून हे वाक्य जुळवताना मी ते वर्षभर उलटसुलट करत होते. मराठी वाक्याशेजारी लिहिलं आणि दिसलं की आपलंही ‘आहे’ शेवटीच बसतं. ठोकळ्यांची रांग लावताना हे कधी ध्यानात आलं नाही, कारण रांग चुकली तर एक ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवला की झालं.

संभाषणासाठी बाईंनी मला क्लासमधल्या एका मुलाशी जोडलं. तो नर्सिंग करून जर्मनीला जायच्या तयारीत आहे. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही रानडे इन्स्टिट्यूटच्या बाजूला चहा घेत संभाषणाच्या परीक्षेतला तिसरा प्रश्न करायचो: दोघांनी आपापल्या दिनक्रमाच्या चिठ्ठ्या घेऊन भेटायची वेळ ठरवायची. तो मला “ताई, मराठी नाही” म्हणून थांबवायचा. या वीस मिनिटांचे एक्सपी कुठेच जमा होत नव्हते.

जूनमध्ये, पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या रात्री आमच्या सोसायटीत वारकऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था होती. भांडी आवरेपर्यंत साडेबारा झाले. गोठवणी संपलेल्या होत्या. सकाळी फोन उघडला तर 526 चा शून्य झाला होता. पैसे देऊन तो परत जोडता येतो असं पान समोर आलं. मी ते बंद केलं आणि बसमध्ये संवाद ऐकला. वाईट वाटलं, ते खोटं सांगणार नाही. पण वहीतल्या त्या दिवशीच्या उजळणीच्या वाक्यांपैकी चार बरोबर आली.

त्या रविवारी दुसरी मोजणी केली. तीच 1,340 शब्दांची जुनी यादी, मात्र सुरुवात पाचव्या शब्दापासून करून पुन्हा दर तेरावा, म्हणजे आधी तपासलेले शब्द आले नाहीत. वाचून 82, म्हणजे जवळजवळ तेवढेच. ऐकून 71. स्वतः लिहून 58. वाचन चारने वाढलं, लेखन सत्तावीसने. पुढच्या आठवड्यात सराव परीक्षा झाली: वाचनात 20 पैकी 17, ऐकण्यात 14, लेखनाला 16 गुण, संभाषणाला 15. बेरीज सत्तरला थोडीशी कमी. या तीन महिन्यांतले माझे एकूण एक्सपी मार्चमधल्या लीगच्या त्या एका आठवड्यापेक्षा थोडेसेच जास्त असतील.

खरी परीक्षा मी नोव्हेंबरात माक्स म्युलर भवनात देणार आहे. तोपर्यंत वहीत चार रकाने आहेत: किती मिनिटं ऐकलं, किती वाक्यं आठवून लिहिली, त्यातली किती बरोबर, किती मिनिटं माणसाशी बोलले. महिन्यातून एकदा शंभर शब्दांची मोजणी. ॲप अजून फोनमध्ये आहे आणि नवा पाठ तिथूनच घेते.

लिंगाचा रकाना मात्र अडून बसलाय. या वेळी 49 नामं आली होती, 27 लिहिता आली, लिंग बरोबर आलं चौदांचं. मघाशी म्हटलेली अडचण हीच. मराठीशेजारी नाम लिहिलं की मराठीचं लिंग त्याला चिकटतं. आपलं टेबल नपुंसक, त्यांचं टिश पुल्लिंगी. आपलं दार नपुंसक, त्यांची ट्यूर स्त्रीलिंगी. बाईंनी आता प्रत्येक नाम विशेषणासकट लिहायला लावलंय, म्हणजे लिंग विशेषणाच्या शेपटीतही दिसतं. येत्या रविवारी पुन्हा मोजणी आहे. आज सकाळीच बसमध्ये काच लावायची होती आणि मनातल्या मनात वाक्य केलं, तर खिडकी अजून ‘डी फेन्स्टर’ म्हणूनच आली. ते ‘दास’ आहे.